वरच्या खोलीचा वीजदर

पुणे, मे २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बडोद्याच्या घराच्या मार्च-एप्रिलच्या वीजबिलाचा फोटो मिळाला. मागे पेन्सिलीने केलेला हिशोबही दिसला: ‘१५० × ४.१५ = ६२२.५०’. म्हणजे वरच्या खोलीतल्या भाडेकरू मुलाकडून तुम्ही विजेचे एवढेच घेतलेत. बाबा, गुणाकार बरोबर आहे, पण दर चुकला. तुम्ही स्वतःच्या खिशातून त्याचे दिवे जाळताय.

बिलावर ४.१५ छापलंय हे खरं, पण तो फक्त तिसऱ्या टप्प्याचा दर आहे, तोही वरचे आकार लागायच्या आधीचा. आपलं बिल दोन महिन्यांचं असतं, म्हणून प्रत्येक टप्पा दुप्पट धरायचा. पहिली १०० युनिटं ३.०५ ने, म्हणजे ३०५ रुपये. पुढची १०० युनिटं ३.५० ने, म्हणजे ३५०. आपली एकूण ४२० युनिटं झाली, तेव्हा उरलेली २२० युनिटं ४.१५ ने ९१३ रुपयांची. बेरीज १५६८. बाबांचं लक्ष इथवरच जातं.

आता फिक्स चार्ज. आपला मंजूर भार ४ किलोवॅट, त्याला महिन्याला २५, दोन महिन्यांचे ५०. आई, तू फोनवर ‘ते फिक्सवालेच लुटतात’ म्हणालीस ना, ते बडोद्याला तरी लागू नाही. इथे पुण्यात आमचा स्थिर आकार महिन्याला शंभराच्या वर जातो, घर बंद असलं तरी. तुमचे ५० रुपये ४२० युनिटांवर वाटले तर युनिटमागे बारा पैसेसुद्धा होत नाहीत.

खरा पैसा त्याच्या खालच्या ओळीत आहे, इंधन आकारात. एफपीपीपीए असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचतच नाही. कोळसा, गॅस आणि बाहेरून घेतलेली वीज यांचा वाढीव खर्च त्यातून वसूल होतो. या बिलात तो युनिटला २.४५ आहे, आणि टप्पा कुठलाही असो, पहिल्या युनिटापासून लागतो. ४२० युनिटांचे १०२९ रुपये! टप्प्यांचा दर वर्षानुवर्षं तोच राहतो, हा आकार मात्र तिमाहीला बदलू शकतो. म्हणून ‘दर वाढला नाही तरी बिल कसं वाढलं’ असं वाटलं की आधी ही ओळ बघायची.

१५६८, ५० आणि १०२९ मिळून २६४७. या सगळ्यावर १५ टक्के वीज शुल्क, म्हणजे ३९७. एकूण ३०४४. त्याला ४२० ने भागलं की ७ रुपये २५ पैसे. आपल्या घरचं युनिट या वेळी एवढ्याला पडलं. बाबा, १५० युनिटांचे जवळजवळ १०८७ होतात. तुम्ही ४६५ रुपये कमी घेतलेत.

बारकाईने पाहिलं तर तोटा याहून थोडा जास्तच. तो मुलगा नसता तर तुमची २७० युनिटं झाली असती आणि बिल सुमारे १९०६ आलं असतं. म्हणजे त्याच्यामुळे ११३८ रुपये वाढले, युनिटला ७.५९. स्वस्त टप्पे आधी तुम्हीच वापरले, असं धरलं तर. पण तसं का धरायचं? कंपनीचं मीटर एकच आहे, आणि कोणाचं युनिट आधी फिरलं हे कोणी सांगू शकत नाही. माझ्या मते सरासरीचाच दर घ्यावा. वरचा दर लावला तर उद्या तो पोरगाही वही घेऊन बसेल, आणि त्याचंच बरोबर ठरेल.

मे-जूनला मात्र सांभाळा. कूलर नि एसी मिळून ५०० च्या पुढे गेलात की पुढच्या प्रत्येक युनिटाला ५.२० चा दर, त्यात इंधन आकार, त्यावर शुल्क. म्हणजे ८ रुपये ८० पैसे. सरासरी चढेल, त्यामुळे ७.२५ हाच आकडा पुन्हा वापरू नका, दर बिलाला नव्याने काढा. आणि भागायला बिलातली सगळ्यात खालची, भरायची रक्कम घेऊ नका. तिच्यात कधी मागची बाकी असते, कधी ठेवीवरचं व्याज वजा झालेलं असतं. फक्त चालू बिलाची रक्कम धरा.

अजून एक. वरच्या छोट्या मीटरचा आकडा तुम्ही एक तारखेला लिहिता आणि रीडिंगवाला कधी दहा तारखेला येतो, कधी बारा तारखेला. दोन्ही आकडे एकाच दिवशी घेतले नाहीत तर १५० हेच खरं नाही. तो आला की आईने लगेच वर जाऊन फोटो काढावा. गुडघे दुखत असतील तर त्या मुलालाच सांग, नाहीतरी तो दहापर्यंत झोपलेलाच असतो.

मागचे ४६५ मागू नका, बरं दिसत नाही. पुढच्या वेळी हा कागद त्याला दाखवूनच सांगा.

तुमची,
ताई