हेडफोनमधील आवाज आणि चित्र मागेपुढे होत असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा अधिकारी,
(वायरलेस हेडफोन विभाग)

विषय : कोडेक किंवा मोड बदलताच व्हिडिओतील आवाज व चित्राचा ताळमेळ बिघडणे.

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा हेडफोन मी प्रामुख्याने तबल्याचे ध्वनिचित्रमुद्रित पाठ पाहण्यासाठी विकत घेतला. फोनला जोडल्यावर तो आपोआप एएसी हा कोडेक, म्हणजे आवाज आवळून पाठवण्याची पद्धत, निवडतो, आणि तेव्हापासून पडद्यावरील हात आधी पडतो व बोल नंतर ऐकू येतो. यावर आपल्या सेवा केंद्राने "एएसी हाच चांगला कोडेक आहे, दोष तुमच्या फोनचा असेल" असे लेखी उत्तर दिले. ते मला मान्य नाही. त्याची कारणे पुढे मांडत आहे.

दर सेकंदाला एकदा पडदा पांढरा होतो आणि त्याच क्षणी 'टिक' वाजते, अशी चाचणी-चित्रफीत मी फोनवर लावली. हेडफोनचा कप दुसऱ्या फोनच्या माइकला टेकवून, पडदाही दिसेल अशा रीतीने, ६० फ्रेमच्या वेगाने चित्रण केले आणि पांढऱ्या फ्रेमपासून 'टिक'पर्यंतच्या फ्रेम मोजल्या. एक फ्रेम म्हणजे सुमारे १७ मिलीसेकंद, त्यामुळे मोजमापात तेवढी चूक गृहीत धरावी. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समधून एसबीसी हा दुसरा कोडेक निवडल्यावर आवाज व चित्र एका फ्रेमच्या आत जुळले. एएसीवर आवाज ८ फ्रेम, म्हणजे सुमारे १३३ मिलीसेकंद, मागे पडला. आपल्या ॲपमधील 'लो लेटन्सी' मोड लावल्यावर मात्र तो ६ फ्रेम, म्हणजे १०० मिलीसेकंद, चक्क चित्राच्या पुढे धावू लागला. हे अंतर चित्रफीत संपेपर्यंत तेवढेच राहते, हळूहळू वाढत जात नाही. त्यामुळे फोन आणि हेडफोन यांच्या घड्याळांच्या गतीतील फरकाचा हा प्रकार नव्हे. त्याच फोनला वायरचा हेडफोन लावला, किंवा दुसऱ्या कंपनीचा वायरलेस हेडफोन एएसीवरच जोडला, तर सारे जुळते.

आवाज चित्राच्या आधी येतो, ही बाब मला सर्वांत बोलकी वाटते. ब्लूटूथवर आवाजाला उशीर होणारच : फोन तो कोडेकने आवळतो, पाकिटे करून पाठवतो, आणि वाटेत एखादे पाकीट रखडले तरी आवाज तुटू नये म्हणून हेडफोन थोडा साठा हाताशी ठेवून मगच वाजवतो. एएसीची एक फ्रेम १०२४ नमुन्यांची, म्हणजे साधारण २३ मिलीसेकंदांची असते आणि एसबीसीची जेमतेम ३ मिलीसेकंदांची. पण उशिराचा मोठा वाटा या साठ्याचाच असतो, आणि तो किती ठेवायचा हे आपले फर्मवेअर ठरवते. हा उशीर झाकण्यासाठी ब्लूटूथच्या एव्हीडीटीपी या आवाज पाठवण्याच्या मानकात १.३ आवृत्तीपासून 'डिले रिपोर्ट'ची सोय आहे. हेडफोन आपला उशीर फोनला कळवतो आणि व्हिडिओ प्लेअर चित्र तेवढेच थांबवून ठेवतो. आपला हेडफोन तिन्ही स्थितींत एकच, बहुधा एसबीसीचा, आकडा कळवत असावा. एएसीवर खरा उशीर त्याहून जास्त, म्हणून आवाज मागे. लो लेटन्सीत तो कमी, पण चित्र जुन्याच आकड्याइतके थांबलेले, म्हणून आवाज पुढे. माझ्या मोजमापाचा याखेरीज दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

हा फरक क्षुल्लक नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज सुमारे १२५ मिलीसेकंद मागे किंवा ४५ मिलीसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला तो जाणवू लागतो. आपला हेडफोन दोन्ही बाजूंनी ही मर्यादा ओलांडतो. २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलीसेकंदांची असते. तिच्यात दोन बोल बसवले, तर एएसीवर डोळ्यांना दिसणारा बोल आणि कानावर पडणारा बोल यांत पूर्ण एका बोलाचे अंतर पडते, आणि चाटीवर पडलेल्या बोटाला डग्ग्याचा नाद जोडला जातो. अशा पाठावरून हात बसवणे शक्य नाही.

लो लेटन्सी मोड काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. खेळात बटण दाबल्यावरचा आवाज आधीपासून ठाऊक नसतो, तिथे चित्र थांबवून उपयोग होत नाही आणि उशीर कमी करणे हाच मार्ग उरतो. व्हिडिओसाठी मात्र २०० मिलीसेकंदांचा उशीरही मला चालेल. फक्त फोनला खरा आकडा कळला पाहिजे. कोडेक किंवा मोड बदलल्यावर नवा डिले रिपोर्ट पाठवण्यास मानकात कोणतीही आडकाठी नाही.

तरी, प्रत्येक कोडेक व मोडसाठी योग्य उशीर कळवणारे फर्मवेअर अपडेट ३० दिवसांत द्यावे, आणि खोक्यावर छापलेला 'लो लेटन्सी'चा आकडा कोणत्या कोडेकवर व कसा मोजला, हे लेखी कळवावे. अपडेट शक्य नसल्यास हेडफोन परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागावी लागेल. चाचणीची चित्रणे, खरेदीची पावती आणि सेवा केंद्राचे उत्तर सोबत जोडले आहे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक