अण्णा, बायोडेटा बदललाय

श्टुटगार्ट

तीर्थरूप आई-अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार,

मी इथे खुशाल आहे. थंडी आहे, पण घरात हीटर चालू असतो, जेवण वेळेवर होतं आणि तुम्ही दिलेलं ज्वारीचं पीठ अजून पुरतंय. आई, "वाळलीस गं" असं म्हणू नकोस. व्हिडिओत चेहरा तसाच दिसतो.

अण्णा, फोनवर तुम्ही विचारलंत की आधीच्या बायोडेटात काय वाईट होतं. तेव्हा मी कामावर निघाले होते, म्हणून आता निवांत लिहिते. तुम्ही लिहिलेल्या भागाला मी हात लावलेला नाही. जन्मवेळ, रास, मामाचं कुळ, शेती, दादाचं शिक्षण, सगळं जिथल्या तिथे आहे. बदलला तो फक्त खालचा 'माझ्याबद्दल' हा मजकूर. तो आधी असा होता:

"मी साधी, मनमिळाऊ, कष्टाळू आणि कुटुंबवत्सल मुलगी आहे. आधुनिक विचार आणि संस्कार यांचा मेळ घालायला आवडतो. वाचन, संगीत, प्रवास आणि स्वयंपाक हे छंद. समजूतदार, सुशिक्षित जोडीदार अपेक्षित."

हा मी माझ्या नांदेडच्या मैत्रिणीला पाठवला, होस्टेलवर माझ्या शेजारच्या कॉटवर असायची ती. ती म्हणाली, "चांगलाय, पण जनरल वाटतोय." नुसत्या एवढ्यावर काय सुधारायचं ते कळत नाही. म्हणून मी तिला फोनवरच मोठ्याने वाचायला सांगितलं आणि ती कुठे थांबते ते ऐकत राहिले. पहिली दोन वाक्यं ती सरळ वाचत सुटली. 'स्वयंपाक' आल्यावर मात्र थांबली आणि म्हणाली, "तिकडे काय काय करतेस गं?" सबंध मजकुरात प्रश्न सुचला तो या एकाच शब्दावर. मग तिने आणखी एक सांगितलं, "तुझं नाव झाकून तुझ्या चुलतबहिणीचं नाव घाल." घातलं, तर एकही वाक्य खोटं ठरेना.

पुढचं काम वेळखाऊ होतं. प्रत्येक विशेषणापुढे तिने मला विचारायचं, "कधी? कुठे? कुणी पाहिलं?" ज्याला उत्तर असेल तिथे विशेषण काढून ती गोष्टच लिहायची. उत्तर नसेल तर शब्द खोडायचा. 'संगीत' आणि 'प्रवास' तिथेच गेले. 'कष्टाळू'पाशी मला २०१६चा लातूरचा उन्हाळा आठवला. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या वर्षी मी तिथे खोली करून शिकत होते, टँकरच्या रांगेत घागरी लावून वही मांडीवर घ्यायचे. सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामात मी पडले ती त्यामुळेच, आणि ते मी बायोडेटात कुठेच लिहिलं नव्हतं.

'मनमिळाऊ'चं उत्तर इथल्या जिन्यात सापडलं. हे तुम्हाला नीट सांगावं लागेल, कारण मलाही ते कळायला वेळ लागला. इथे झाडलोटीच्या आठवड्याची पाळी असते, 'केअरवोखे' म्हणतात. इमारतीत झाडायला बाई असेलच असं नाही, भाडेकरूंनीच पाळीपाळीने झाडायचं. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली असते. आपल्या मजल्यापुढचा जिना आणि बोळ, ही लहान पाळी. रस्त्याकडेची पायवाट, अंगण, तळघर, ही मोठी. थंडीत बर्फही काढायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला लावायची. बोळ आधीच स्वच्छ असला तरी झाडायचा. साहेब असो की शिकणारा पोरगा, पाळी चुकत नाही. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांची पाळी मी करते आणि त्या मला जर्मन शिकवतात. (आई, मी परक्यांची धुणीभांडी करत नाहीये. जिना झाडते, तोही आपण राहतो तोच.)

हे सगळं लिहिल्यावर मजकूर पानभर झाला. मैत्रीण म्हणाली, "आता हा नोकरीचा अर्ज वाटतोय." बरोबर होतं तिचं, फोनच्या स्क्रीनवर कोण एवढं वाचणार? मग समोरच्याला ज्यावर काही विचारावंसं वाटेल तेवढंच ठेवलं. शेतीचा उल्लेखही काढ असं ती म्हणत होती, शहरातल्या स्थळांना नको वाटतो म्हणून. ते मात्र मी ऐकलं नाही. मजकूर लांबलाय ही तिची तक्रार खरी होती, पण काय काढायचं ते मला ठरवायचं होतं.

शेवटी, मला फारशी न ओळखणाऱ्या इथल्या एका मराठी वहिनींना तो वाचायला दिला. "कसा वाटला" असं विचारलं की सगळे "छान" म्हणतात. म्हणून "ही मुलगी कशी असेल, सांगा" असं विचारलं. त्या म्हणाल्या, "कामाची आहे, घरची ओढ आहे. पण ही परत येणार की तिकडेच राहणार, ते कळत नाही." तुमच्याही मनात तेच आहे ना? तीच एक गोष्ट मी लिहायची टाळली होती. आता मजकूर असा झालाय:

"२०१६ला लातूरच्या पाणीटंचाईत शिकले, आता सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामात आहे. रोज भाकरी स्वतः थापते, पुरणपोळी अजून आईला फोन लावूनच करते. खालच्या मजल्यावरच्या आजींकडून जर्मन शिकते. अजून दोन वर्षं इथे काम करून महाराष्ट्रात परतायचा विचार आहे, जोडीदाराशी बोलून ठरवेन. येळवशीला आमच्या रानात येऊन भज्जी-आंबील खायला ज्याला आवडेल, त्याच्याशी बोलायला आवडेल."

यावर सगळ्यांचाच होकार येणार नाही. काही जण पहिल्याच ओळीला पुढे सरकतील, ते मला चालेल. पण जो फोन करेल त्याला बोलायला काहीतरी असेल.

आत्याला सांगा, मी लग्न टाळत नाहीये. टाळायचं असतं तर एका परिच्छेदावर इतक्या रात्री घालवल्या नसत्या. पुण्याचं ते स्थळ मला बोलायला चालेल, पण आधी त्याला स्वतःबद्दल चार ओळी लिहायला सांगा. नुसतं 'पॅकेज' आणि फोटो नको. दादाला म्हणावं, जुनी पीडीएफ ज्या ज्या ग्रुपवर टाकली तिथून काढ आणि नवी टाक. नव्या प्रतीत माझा नंबर आणि कंपनीचं नाव नाही, संपर्काला तुमचाच नंबर ठेवलाय.

बोअरच्या मोटरीचे पैसे खात्यावर पाठवलेत. उरतील त्यातून आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढा, पुढे ढकलू नका. मी इथे दुसऱ्यांचे जिने झाडते आणि तू गुडघा धरून माळवदावर वाळवण घालतेस, हे आठवलं की घास उतरत नाही. महालक्ष्म्यांना यायला जमणार नाही, रजा येळवशीसाठी राखून ठेवली आहे. तेव्हा नक्की येते. अण्णा, तिकीट काढलं की तारीख कळवते, तुम्ही स्टेशनवर यायची धावपळ करू नका, दादा येईल.

तुमची,
सोनी