अ‍ॅप लावलेलं असूनही मेसेजच्या कोडने अकाउंट उघडलं, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

मी तुमची सहा वर्षांपासूनची ग्राहक. माझा सगळा ईमेल आणि घरच्या कागदपत्रांचे स्कॅन तुमच्याच अकाउंटमध्ये आहेत. मागच्या आठवड्यात पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी कोणीतरी त्यात शिरलं. पासवर्ड मी आणखी एका साइटवर वापरला होता, तिथून तो फुटला असणार आणि ती चूक माझीच, मान्य आहे. पण पासवर्ड फुटला तरी कोणी आत येऊ नये म्हणूनच तर मी दोन महिन्यांपूर्वी फोनवरच लॉगिनचा कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडलं होतं ना?

तुमच्या लॉगिनच्या पानावर अ‍ॅपच्या कोडखाली "अ‍ॅप जवळ नाही? मेसेजने कोड मागवा" अशी लिंक आहे. चोराने तीच दाबली. कोड माझ्या नंबरवर गेला असं तुमची नोंद सांगते, पण माझ्या फोनवर काहीच आलं नाही, फोन उशाशीच होता आणि नेटवर्कही दिसत होतं. तुमच्या प्रतिनिधींचं म्हणणं, "मेसेज डिलिव्हर्ड दाखवतोय, कोड बरोबर टाकलाय, म्हणजे तुम्हीच कोणाला तरी सांगितला असणार." याच वाक्यासाठी मी हे पत्र लिहितेय.

मोबाईल कंपन्या एकमेकींशी एसएस७ नावाच्या यंत्रणेतून बोलतात, ती १९७० च्या दशकात बनली, तेव्हा मोजक्याच टेलिफोन कंपन्या होत्या आणि त्यांचा एकमेकींवर विश्वास होता, त्यामुळे समोरचा खरं बोलतोय का हे तपासायची सोय त्यात ठेवलीच नाही. तुम्ही परदेशात जाता तेव्हा तिथलं नेटवर्क तुमच्या कंपनीला कळवतं की हा नंबर आता माझ्याकडे आहे, याचे मेसेज इकडे पाठवा. आता या यंत्रणेत कुठूनही शिरकाव मिळवलेल्या माणसाने हाच निरोप खोटा पाठवला आणि कंपनीने तो अडवला नाही, तर मेसेज त्याच्याकडे जातात. पोचल्याची पावतीही तोच देतो, म्हणून तुमच्या नोंदीतलं "डिलिव्हर्ड" हे माझ्या हातातल्या फोनबद्दल काहीच सांगत नाही. आणि फोनवर टॉवरच्या काड्या दिसत राहू शकतात, फक्त येणारे मेसेज थांबतात, फोन बंद करून चालू केला की परत सुरळीत. आपल्या नंबरचं नवीन सिम दुसऱ्याने मिळवलं तर निदान फोनचं नेटवर्क जातं आणि माणसाला शंका येते, इथे तेही नाही.

ही नुसती कल्पना नाहीये. २०१७ च्या जानेवारीत जर्मनीत हेच झालं. चोरांनी आधी बँकेच्या ग्राहकांचे लॉगिन आणि मोबाईल नंबर मिळवले, मग एका परदेशी मोबाईल कंपनीच्या नेटवर्कमधून मेसेज आपल्याकडे वळवले आणि आलेले कोड टाकून खाती रिकामी केली. तिथल्या ओ२-टेलिफोनिका या मोबाईल कंपनीने हे कबूलही केलं. त्या ग्राहकांनी कोणालाच कोड सांगितला नव्हता, मग मी सांगितला असं तुम्ही कशावरून म्हणता?

अ‍ॅपमध्ये हा प्रवासच नसतो. जोडताना क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा एक गुप्त किल्ली माझ्या फोनमध्ये आली, तीच तुमच्या सर्व्हरवर आहे. दोन्हीकडे ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून दर ३० सेकंदांनी तोच सहा आकडी कोड बनतो. फोन एअरप्लेन मोडवर असला तरी बनतो, कारण नेटवर्कवरून कोड येतच नाही, मग वाटेत वळवणार काय? खोट्या साइटवर मी स्वतः कोड टाकला तर अ‍ॅपही वाचवू शकत नाही हे मला माहितीये, पण इथे तसं काही घडलेलंच नाही.

सगळ्यात राग याचा येतो की अ‍ॅप लावल्यावरही मेसेजची लिंक बंद करता येत नाही. सेटिंगमध्ये मोबाईल नंबर काढायला गेलं तर "किमान एक नंबर आवश्यक" असं येतं. पासवर्ड विसरला तरी त्याच नंबरवर कोड. म्हणजे मी कितीही चांगलं कुलूप लावलं तरी चोर मागच्या दाराने येणारच, आणि ते दार तुम्ही मला बंद करू देत नाही.

माझ्या मागण्या सांगते. ज्याने अ‍ॅप जोडलंय त्याला लॉगिन आणि पासवर्ड बदल दोन्हीसाठी मेसेज पूर्ण बंद करता आला पाहिजे. फोन हरवला तर काय, म्हणून मेसेज ठेवलाय असं तुमचे प्रतिनिधी म्हणाले, त्यासाठी एकदाच वापरता येणारे रिकव्हरी कोड द्या, मी ते कागदावर लिहून कपाटात ठेवीन. आणि माझ्या तक्रारीवर "ग्राहकाने कोड शेअर केला" असा शेरा मारून ती बंद केलीये, तो शेरा काढा, तक्रार परत उघडा, आणि त्या पहाटे कुठल्या आयपीवरून लॉगिन झालं आणि कुठल्या फाइल्स उघडल्या गेल्या त्याची यादी मला लेखी पाठवा.

आपली,
एक ग्राहक