अल्बम भरगच्च, बँकेचा कागद कोरा

मा. संपादक,

ऑस्ट्रेलियात नोकरीला असलेल्या मुलाशी लग्न झालं की सुनेसाठी ३०९ क्रमांकाचा पार्टनर व्हिसा मागितला जातो. मी बँकेतून निवृत्त झाले असल्यामुळे नात्यातली मंडळी या अर्जाची फाइल दाखवायला आणतात. फाइलमध्ये फोटो भरमसाट, आणि नवरा-बायकोतल्या पैशाच्या व्यवहाराचा कागद बहुधा एकही नाही.

लग्न लागलं हे विवाह प्रमाणपत्रावरून कळतंच. अधिकाऱ्याला पाहायचं असतं ते त्यानंतरचं. तिथल्या १९९४च्या स्थलांतर नियमांत त्यासाठी चार बाजू सांगितल्या आहेत: पैशाचा व्यवहार, घर कसं चालतं, चारचौघांत नवरा-बायको म्हणून वावर, आणि एकमेकांशी बांधिलकी. हळदीपासून रिसेप्शनपर्यंतचे सगळे फोटो मुख्यतः तिसऱ्या बाजूला कामी येतात.

माझ्या भाचीचंच घ्या. लग्न डिसेंबरात झालं, तीन आठवड्यांनी जावई मेलबर्नला परतले, ती सासरी राहिली. जावई दर महिन्याला पैसे पाठवत, पण रीतीप्रमाणे वडिलांच्या खात्यात. सासरे तिला लागतील तसे रोख देत. व्हिडिओ कॉल यायचा तो सासूबाईंच्या फोनवर, रात्री सगळे एकत्र बसले की. संसार अगदी व्यवस्थित चाललेला, पण कागदावर त्या दोघांमध्ये ना एक रुपया फिरलेला, ना एक फोन झालेला!

मग जावयांनी तिच्या बचत खात्यात थेट पैसे पाठवायला सुरुवात केली. त्यातून तिच्या क्लासची फी, मोबाइलचं बिल, सासूबाईंची औषधं असा खर्च होऊ लागला आणि तो स्टेटमेंटमध्ये दिसू लागला. जावयांनी तिथल्या सुपरॲन्युएशनमध्ये, म्हणजे निवृत्ती निधीत, वारस म्हणून बायकोचं नाव लावलं. तिनेही आपल्या विमा पॉलिसीवर आईऐवजी नवऱ्याचं नाव घातलं. लोक विचारतात, जॉइंट अकाउंट काढलं की झालं ना? अनिवासी भारतीयाच्या एनआरओ खात्यात इथल्या बायकोचं नाव ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने घालता येतं. पण त्यात नवरा हयात असेपर्यंत व्यवहार त्याचाच चालतो. नुसत्या दोन नावांच्या पासबुकात वाटून केलेला खर्च दिसत नाही, आणि अधिकारी शोधतो तो तोच. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पाठवलेले पाच लाख तर उलट खटकतात. त्यापेक्षा महिन्यामागून महिना आलेले वीस-वीस हजार बरे.

बोलण्याच्या पुराव्याचंही तसंच. व्हॉट्सॲपची शेकडो पानं छापून जोडण्यात अर्थ नाही. दर महिन्यातला एखादा तुकडा घ्यावा, आणि तो नुसता ‘जेवलीस का’ असा नसावा. घरभाडं, आजारपण, नोकरीची चिंता, पुढे कुठे राहायचं, असं काही त्यात असलं की दोघं एकमेकांच्या आयुष्यात आहेत हे दिसतं. तारीख आणि नंबर दिसायला हवेत. मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, मग मराठी रोमन लिपीत लिहिलेलं असलं तरी. कॉलची यादी वेळच्या वेळी साठवून ठेवावी, कारण फोन बदलताना ती हमखास जाते.

फोटो थोडकेच, पण वेगवेगळ्या दिवसांचे आणि दोन्हीकडच्या माणसांसोबतचे असावेत. खाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहावं. या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी जुळल्या पाहिजेत. प्री-वेडिंग शूटचे सूर्यास्ताचे फोटो हौसेचे आहेत, ते घरीच राहू द्यावेत.

एक गोष्ट फार हलक्यात घेतली जाते, ती म्हणजे फॉर्म ८८८. ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांनी किंवा तिथे कायम वास्तव्याची परवानगी असलेल्यांनी या जोडप्याबद्दल दिलेली अशी किमान दोन निवेदनं लागतात. मेलबर्नचे मित्र एकाच मजकुरात नाव बदलून ती देतात. दोन्हींत ‘ते अत्यंत आनंदी जोडपं आहे’, आणि वहिनींना तर कुणी पाहिलेलंही नसतं! त्यापेक्षा ‘मी लग्नाला येऊ शकलो नाही, पण शनिवारी जेवायला आला की तो तिला फोन लावतो, आम्हीही बोलतो’ एवढं खरं वाक्य जास्त वजनाचं. अर्जाचं शुल्क नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, आणि अर्ज नाकारला म्हणून ते परत मिळत नाही.

व्हिसा मिळाल्यावरही फाइल माळ्यावर टाकू नये. ३०९ तात्पुरता आहे. अर्ज केल्यापासून साधारण दोन वर्षांनी कायमच्या १०० क्रमांकाच्या व्हिसासाठी नातं पुन्हा तपासलं जातं. तेव्हा एकत्र राहिल्याचे कागद द्यावे लागतात. म्हणून सून तिथे पोचली की घराच्या भाडेकरारात आणि विजेच्या बिलावर तिचं नाव पहिल्याच महिन्यात घालून घ्यावं.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा