दुबईच्या मेलबद्दल

प्रिय सायली,

तू दुबईच्या पार्टीला पाठवायचा म्हणून केलेला मेल रात्री दोनदा वाचला. भाषा छान आहे, माझ्यापेक्षा किती तरी चांगली, पण तो अजून पाठवू नकोस. तीन ठिकाणी तू मोघम लिहिलंयस आणि आपले पैसे नेमके तिथंच अडकतात, म्हणून फोनवर न सांगता सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे तू लिहिलंयस की "माल १६ मार्चला निघेल". आता १६ तारखेला काय होणार, तर आपल्या गोडाऊनला कंटेनर भरून सील होणार आणि गाडी सांगलीतून न्हावाशेवाला निघणार, बस. पण तिकडचा माणूस हे वाचून समजतो की १६ ला जहाज सुटलं, आणि तो त्या हिशोबानं पुढं कुणाला तरी माल कबूल करून बसतो. म्हणून मेलमध्ये तारखा वेगवेगळ्या लिही. १६ ला स्टफिंग, १९ ला पोर्टचा गेट कट-ऑफ, २१ ला जहाज सुटणार, २६ ला जेबेल अलीला लागणार. आणि शेवटच्या दोन तारखा शिपिंग लाइननं दिलेल्या आहेत, त्या बदलू शकतात आणि बदलल्या तर त्याच दिवशी कळवू, हेही स्पष्ट लिही. कट-ऑफ चुकला की कंटेनर पुढच्या जहाजावर जातो, त्यामुळं १६ ची तारीख आपल्याला एक दिवससुद्धा ढकलता येत नाही हे तू पॉलिशवाल्याला आजच सांगून ठेव.

आता खरी गोष्ट. युरोपला माल जायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढ्यात कागद आरामात पोचतात. जेबेल अलीला जहाज चार-पाच दिवसांत लागतं, म्हणजे माल आधी आणि कागद नंतर, असं उलटं होतं. बीएल आपल्या हातात पडतं तेच जहाज सुटल्यावर एक-दोन दिवसांनी, म्हणजे २३ च्या आसपास, मग ते बँकेमार्फत पाठवायचं म्हटलं तर आपली बँक, कुरिअर, तिकडची बँक असं करत आठवडा सहज जातो आणि तोवर कंटेनर तिकडं पोर्टवर उभा, फ्री डेज संपले की रोजचं भाडं सुरू. आणि मग ते भाडं कुणी द्यायचं यावरून भांडण. म्हणून या पार्टीशी आपण बँकेतून कागद न पाठवता ३० टक्के ॲडव्हान्स आणि ७० टक्के बीएलच्या स्कॅन कॉपीवर असं ठरवलंय.

तू मात्र मेलमध्ये "उरलेले पैसे डॉक्युमेंट मिळाल्यावर" असं लिहिलंस. कुठले डॉक्युमेंट? स्कॅन का ओरिजिनल? त्यानं ओरिजिनल असा अर्थ काढला आणि आपण पाठवून बसलो, तर माल त्याच्या ताब्यात आणि आपण रोज फोन करत बसणार. बीएलच्या ओरिजिनल तीन प्रती निघतात आणि त्यातली एक जरी त्याच्या हातात गेली तरी तो माल सोडवू शकतो, बाकीच्या दोन मग नुसता कागद. त्यामुळं तिन्ही प्रती आपल्या कपाटात राहणार. पैसे आले की तिन्ही लाइनच्या मुंबई ऑफिसला परत द्यायच्या, म्हणजे बीएल सरेंडर करायचं, मग ते त्यांच्या दुबई ऑफिसला कळवतात आणि पार्टीला ओरिजिनल न दाखवता डिलिव्हरी मिळते. कुरिअरचे दिवसही वाचतात.

हिशोब आकड्यात लिही, टक्क्यात सोडू नकोस. १५ टन, टनाला १५०० डॉलर, सीआयएफ जेबेल अली, एकूण २२,५०० डॉलर. त्यातले ६,७५० स्टफिंगच्या आधी आणि १५,७५० बीएलची स्कॅन कॉपी मेल केल्यापासून दोन बँकिंग दिवसांत. तिकडं २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि सरकारी ऑफिसं शुक्रवारी अर्धा दिवस, तर शुक्रवारी दुपारी कॉपी पाठवून शनिवारी पैशाची वाट बघू नकोस. आणि एक लक्षात ठेव, ते स्विफ्ट कॉपी पाठवतात म्हणजे पैसे आले असं नाही, आपल्या खात्यात जमा झाल्याचं बँकेनं सांगितल्याशिवाय सरेंडर करायचं नाही, कितीही ओळखीची पार्टी असली तरी.

मग बाकीचे कागद. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो, फ्युमिगेशन सर्टिफिकेट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. यातल्या कशानेही माल ताब्यात जात नाही, म्हणून हे पैशाची वाट न बघता तयार झाले की लगेच पाठवायचे, स्कॅन मेलवर आणि फायटोची ओरिजिनल कुरिअरनं. म्हणजे पैसे जमा होईपर्यंत त्याची कस्टमची तयारी झालेली असते. ओरिजिनचं सर्टिफिकेट भारत-यूएई सेपा करारातलं काढ, साधं नको. तो करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि ड्युटीची सवलत मागायला तिकडं तेच दाखवावं लागतं.

आणि सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे वजन. तू कॉलेजात होतीस तेव्हाचं आहे, आपलीच चूक. २५ किलोच्या ६०० गोण्या, नेट १५,०००, रिकामी गोणी १०० ग्रॅमची म्हणजे ६० किलो, तर ग्रॉस १५,०६०. पॅकिंग लिस्टवर बरोबर होतं पण बीएलवर ग्रॉसच्या जागी १५,००० पडलं. ड्राफ्ट आला होता, मी घाईत नाव-गाव बघून ओके केलं, वजन बघितलंच नाही. जहाज सुटल्यावर दुरुस्ती करायला लाइननं फी घेतली ती घेतलीच, पण त्यात दिवस गेले आणि तिकडच्या पोर्टचं भाडं पार्टीनं आपल्या बिलातून कापलं. मला ते अजून लागतं. जहाज सुटायच्या आधी हीच दुरुस्ती एका मेलवर झाली असती. म्हणून बीएलचा ड्राफ्ट आला की पार्टीलाही पाठवायचा आणि "२४ तासांत तपासून लेखी ओके द्या" असं आत्ताच्या मेलमध्येच सांगून ठेवायचं. कन्साइनीचं नाव त्यांच्या ट्रेड लायसन्सवर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर, ते त्यांच्याकडूनच लिहून घे.

शेवटी एक ओळ टाक की आमचा बँक खाते नंबर मेलवरून कधी बदलत नाही, बदलल्याचा मेल आला तर पैसे पाठवायच्या आधी माझ्या जुन्या नंबरवर फोन करा. मेल हॅक करून मधल्या मधे दुसरंच खातं कळवायचे प्रकार आपल्या धंद्यात बरेच झालेत आणि गेलेले पैसे परत येणं फार अवघड.

लाइनकडून जेबेल अलीचे फ्री डेज किती मिळतात ते बुकिंग पक्कं करतानाच लेखी घे आणि तो आकडाही मेलमध्ये टाक. सुधारून झालं की मला पाठव, मी दुपारी तीनपर्यंत मार्केट यार्डात आहे, फोनवर वाचून लगेच कळवतो म्हणजे तिकडं ऑफिस बंद व्हायच्या आत तुला पाठवता येईल. गोण्यांवर मार्किंग उद्या सकाळी सुरू करतोय, त्याआधी कन्साइनीचं नाव पाहिजे.

बाबा