शून्य अपघात की शून्य नोंद?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘शून्य अपघाता’ची ढाल उंचावणाऱ्या व्यवस्थापनाचे चार कॉलमी छायाचित्र पाहिले. अभिनंदन! ते शून्य कसे जमते, हे आपल्या वार्ताहराने विचारलेले दिसत नाही, म्हणून मीच सांगतो.

जखमी कामगार अपघातानंतर 48 तास किंवा त्याहून जास्त काळ काम करू शकला नाही, की अपघात सरकारला कळवावा लागतो. 1948 च्या कारखाने कायद्यात हेच होते, नव्या कामगार सुरक्षा संहितेतही हेच आहे. आता गंमत बघा. मी जिथे पाळी सांभाळत होतो, तिथे रात्री पॉवर प्रेसवर एका पोराची दोन बोटे चेचली. ईएसआयच्या दवाखान्यात नेले तर अपघाताचे कागद होतात, म्हणून खासगी डॉक्टर, आणि बिल किरकोळ खर्चात. सकाळी कंपनीची जीप त्याच्या दारात हजर. उजवा हात गळ्यात, डाव्या हाताने कार्ड पंच करून घेतले आणि दिवसभर स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवले. याला म्हणे ‘लाइट ड्यूटी’. माणूस हजर, मग 48 तास भरणार कसे? लॉगबुकात एक ओळ पडली: ‘ऑपरेटरला किरकोळ जखम, प्रथमोपचार केला, उत्पादन सुरळीत.’

त्याच लॉगबुकात चार पाने मागे लिहिलेले होते: ‘उजवे बटण अडकते, साफ केले.’ ती प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावरच खाली यायची, म्हणजे हात डायबाहेर राहतात. एक बटण दाबलेलेच अडकले, तर दुसरे दाबताच प्रेस खाली येते, मोकळा हात कुठेही असो. बटणाचा दिवा गेला, तर खुशाल लॉगबुकात लिहा. पण हात वाचवणारी सोयच निकामी झाली, तर रक्ताचा थेंब सांडलेला नसतानाही ती घटनाच आहे. तेव्हाच प्रेस बंद करून चौकशी व्हायला हवी होती.

क्रेनचेही तेच. भार उचलताना रोप तुटला आणि खाली नशिबाने कोणी नव्हते, तर लॉगबुकात ‘रोप बदलला’ एवढेच येते. वास्तविक क्रेन निकामी होणे ही नियमांच्या यादीतली धोकादायक घटना आहे. कोणाला लागले की नाही हा प्रश्नच येत नाही. माझा हिशेब सोपा होता: यंत्राच्या गार्डने वाचवले तर लॉगबुक, नशिबाने वाचवले तर रिपोर्ट. यावर साहेब म्हणत, “अहो, असे केले तर रोज रिपोर्ट द्यावा लागेल.” मग द्या की!

पुढच्या वेळी ढालीचा फोटो छापण्याआधी त्या वर्षाचे लाइट ड्यूटीचे हजेरीपत्रक मागवा. आणि जाता जाता, शब्दकोडे पुन्हा मोठ्या अक्षरांत छापा. सत्कारांना चार कॉलम मिळतात, आम्हाला भिंगही पुरत नाही.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट सुपरवायझर, भोसरी