वरूडनंतर आता मोर्शीत, आणि काही आभार

मंडळी, येत्या रविवारी सकाळी मोर्शीत बसस्टँडच्या रस्त्यावर आपलं मिठाईचं दुसरं दुकान उघडतंय. वरूडचं आहे तसंच चालू राहील.

नाव न सांगता निघून गेलेल्या एका आजीचे आभार आधी. आमची संत्रा बर्फी तेव्हा रवाळ व्हायची, कारण रस थेट गरम खव्यात जायचा आणि आंबटपणानं खवा फाटायचा. आजी काउंटरवर उभ्या राहूनच बोलल्या, "गर साखरेत वेगळा आटव बापा. उलथन्यानं कढईचा तळ दिसला आन् रस मागं धावला नाही, की मंग खव्यात टाक, तोही खाली उतरवल्यावर." बिया आणि पांढऱ्या शिरा काढायलाही त्यांनीच सांगितलं, त्या राहिल्या की बर्फी कडवट लागते. आजही तसंच करतो.

लाइन गेली तेव्हा आमचा खवा स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवून घेणारे शेजारी, आणि नवी भट्टी ट्रॉलीतून उतरवायला धावलेली पोरं, तुमचेही आभार. (पोरांनी पेढेसुद्धा घेतले नाहीत, हे पटलं नाही.)

संत्रा बर्फी आंबिया बहराचा माल आला की दोन्हीकडे मिळेल. ताजी आहे, चार दिवसांत संपवा. आजी, तुम्ही वाचत असाल तर या जी, पहिला डबा तुमचा.